गॅस गेलाच नव्हता

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमचा फ्रीज थांबेनासा झाला. आधी लक्षात आलं नाही, कारण माजघरात कूलर चालू असला की बाकी कशाचा आवाज येत नाही. एका रात्री लाईट गेली, कूलर बंद पडला, आणि लाईट परत आल्यावर फ्रीजची घरघर सुरू झाली ती सकाळपर्यंत थांबली नाही. मी तीनदा उठून ऐकलं. पूर्वी तो रात्री थोडा वेळ चालायचा, मग टक् आवाज करून गप्प व्हायचा. तो टक् आवाजच येईना.

सकाळी दुधावरची साय आंबूस लागली. पाण्याच्या बाटल्या फक्त गार वाटायच्या, माठातलं पाणी बरं म्हणावं अशा. बर्फाच्या कप्प्यात मात्र पांढराशुभ्र बर्फ साचलेला. बर्फ आहे आणि गारवा नाही, हे मला कळेना.

आमचं गाव आर्णी तालुक्यातलं. मे महिन्यात दुपारी पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा फ्रीज कमी थंड करतो ही तक्रार घरोघरी असते, आणि मीही एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण सासूबाईंचं इन्सुलिन त्याच फ्रीजमध्ये असतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. मेडिकलमधून साधा थर्मामीटर आणला, पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात ठेवला. नुसत्या हवेत ठेवला तर दार उघडताच काटा हलतो. पाण्यातला आकडा खरा. रात्रभर ठेवून सकाळी पाहिलं तर १५ अंश. त्याच दिवशी इन्सुलिन आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं आणि दुरुस्तीच्या मागे लागले.

पहिला मेकॅनिक आला तो तरुण पोरगा होता. दार उघडून हात आत घातला, मग खाली वाकून कॉम्प्रेसरला हात लावला आणि लगेच मागे घेतला. म्हणाला, "बॉडी लय गरम हाय, कूलिंग नाही. गॅस संपला. उद्या सिलिंडर घेऊन येतो." २,८०० रुपये सांगितले. सगळं मिळून पाच मिनिटं. फ्रीज भिंतीपासून ओढूनसुद्धा पाहिला नाही. आमचे हे हो म्हणायला निघाले होते. मीच म्हटलं, एक दिवस थांबा, दिग्रसच्या मिस्तरींना विचारू. माझ्या माहेरचे फ्रीज आणि कूलर गेली कित्येक वर्षं तेच पाहतात. साठीच्या आसपासचे आहेत, मोटारसायकलला दोन्हीकडे पिशव्या लावून फिरतात.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आले. मुद्दाम सकाळी, कारण दुपारी कोणताही फ्रीज तपासला तरी तो आजारीच दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चहा नको म्हटलं आणि आधी मलाच विचारायला सुरुवात केली. किती वर्षांचा? अकरा. कधीपासून? आठ-दहा दिवस. एकदम झालं का हळूहळू? हळूहळू. बटण कितीवर? मी सगळ्यात वर नेऊन ठेवलं होतं. मग विचारलं, "ताई, फ्रीज आधीपासून याच जागी हाय का?"

हा प्रश्न मला त्या वेळी बिनकामाचा वाटला. फ्रीज याच खोलीत होता, पण याच जागी नव्हता. डिसेंबरात कापूस घरात आला. भाव नव्हता म्हणून विकला नाही, माजघरात छतापर्यंत भरून ठेवला, जसा आमच्या भागात निम्म्या घरांत ठेवतात. जागा व्हावी म्हणून फ्रीज कोपऱ्यात सरकवून भिंतीला टेकवला होता. कापूस एप्रिलच्या मध्यात गेला. फ्रीज कोपऱ्यातच राहिला.

मिस्तरींनी प्लग काढायच्या आधी चालू फ्रीजच पुढे ओढला, आणि मागे हात नेला. कॉम्प्रेसरला नाही, जाळीला. आमच्या फ्रीजला मागे काळ्या तारांची जाळी आहे, तिच्यात नागमोडी नळी बसवलेली. मला म्हणाले, "तुम्ही बी लावून पाहा, पण झटकन काढा." वरच्या ओळीला हात लागेना इतकी गरम. मधली तशीच. खालची, जिथून नळी फिल्टरकडे जाते, तीही चांगलीच तापलेली. आणि जाळी दिसतच नव्हती. तारांच्या मधल्या फटी राखाडी रंगाच्या गोधडीने बुजल्या होत्या. चार महिने खोलीत उडत असलेली रुई तिथे जाऊन बसली होती, वरून शेजारच्या स्वयंपाकघरातला फोडणीचा तेलकट वाफारा, त्यावर धूळ. मिस्तरींनी नखाने एक कोपरा सोडवला आणि तो पापुद्रा वीतभर लांब एकसंध निघाला, वाकळेच्या चिंधीसारखा. मी तो हातात घेतला तेव्हा तो गरम होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं त्यांच्याच क्रमाने लिहिते, कारण त्यानंतर मला फ्रीज हे यंत्र पहिल्यांदा नीट समजलं. फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बर्फाच्या कप्प्याच्या पत्र्यात नळ्या आहेत, तिथे पातळ झालेला गॅस उकळून वाफ होतो आणि होताना आतली उष्णता घेतो. ती वाफ कॉम्प्रेसर ओढतो, दाबतो आणि मागच्या जाळीत ढकलतो. जाळीत ती उष्णता खोलीत सोडून पुन्हा पातळ होते, आणि केसासारख्या बारीक नळीतून परत बर्फाच्या कप्प्यात येते. आता खोलीच ४० अंशांवर असेल, तर जाळी त्याहून बरीच जास्त तापल्याशिवाय तिची उष्णता जाणार नाही. त्यात तिच्या अंगावर रुईची गोधडी आणि पाठीला भिंत. उष्णता अडली की दाब चढतो, कॉम्प्रेसरला ढकलायला जड जातं, तो पूर्वीइतकी वाफ ओढू शकत नाही. तो दिवसभर राबतो, पण दर तासाला बाहेर पडणारी उष्णता कमी. म्हणून थांबत नाही आणि गारही करत नाही.

"पण तो पोरगा म्हणाला गॅस संपला," मी म्हटलं.

"संपला म्हंजे? हा गॅस पेट्रोलवानी जळत नाही ताई. सीलबंद नळीत फिरत रायते. भोक पडल्याबिगर जाईन कुठं?" आणि मग म्हणाले, "गॅस कमी असता त मागची जाळी एवढी तापलीच नसती. तापवाले आत काही पायजे ना."

इथेच मला वाटतं सगळा गाभा आहे. कॉम्प्रेसर गरम असणं हे कशाचंच लक्षण नाही. जाळी बुजली तरी तो तापतो, आणि गॅस कमी पडला तरीही तापतो, कारण परत येणारा थंड वायूच त्याला आतून गार ठेवत असतो. तो वायू कमी आला की कॉम्प्रेसर उघडा पडतो. पहिल्या पोराने ज्याला हात लावला ते दोन्ही आजारांत सारखंच लागतं. खरा फरक जाळीत कळतो. बुजलेली असेल तर ती वरपासून खालपर्यंत रसरशीत गरम. गॅस कमी असेल तर वरच्या एक-दोन ओळी कोमट आणि खाली जवळजवळ खोलीइतकीच.

तरी त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. पिशवीतून टाँग टेस्टर काढला, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा मीटर. आधी व्होल्टेज पाहिलं: २०५. मग करंट: १.३ अँपिअर. प्लेटवर १.१ लिहिलेलं. म्हणाले, जास्त आहे, म्हणजे कॉम्प्रेसर ओझ्याखाली आहे. गॅस कमी असता तर त्याला दाबायलाच काही नसतं आणि आकडा प्लेटच्या खाली गेला असता. व्होल्टेज आधी का पाहिलं हे मी विचारलं. आमच्या गावात संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की ते १७०-१८० वर येतं, आणि तेव्हा मोटार करंट वेगळाच दाखवते. नुसता करंट मोजून निदान करणारा माणूस अशा वेळी हमखास चुकतो.

आता बर्फ. मला वाटायचं की इतका बर्फ जमतोय म्हणजे कूलिंग उत्तम. मिस्तरी म्हणाले, जमलेला जुना बर्फ काही सांगत नाही, नवा बर्फ कसा जमतो ते पाहायचं. फ्रीज पूर्ण रिकामा केला, बंद केला, दार उघडं ठेवून बर्फ वितळू दिला. मी सवयीने उलथनं घेऊन आले तर त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं. त्या कप्प्याचा पत्रा ॲल्युमिनियमचा, आणि गॅसच्या वाटा त्याच पत्र्यात. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडताना तिथे भोक पाडून घेतलेले फ्रीज त्यांनी किती पाहिले याची गणती नाही, असं म्हणाले. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवलं, तासाभरात सगळं मोकळं झालं.

वितळेपर्यंत जाळी साफ केली. प्लग काढलेला, हे सांगायला नको. आधी रंगाचा रुंद ब्रश तारांच्या दिशेने वरून खाली फिरवला. आडवा घासला तर तारा वाकतात आणि नळीच्या जोडावर ताण येतो. पापुद्रे निघाले तरी तेलाचा चिकट थर राहिला. तो सोड्याच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसला, तारेगणिक. खाली कॉम्प्रेसरच्या भोवतीची रुई हाताने वेचली. एक घमेलं भरलं. मग फ्रीज जागी ठेवला, पण मागे भिंतीपासून हाताचा पंजा उभा मावेल एवढं अंतर सोडून.

पुसून, कोरडा करून, रिकामा फ्रीज चालू केला आणि आम्ही दोन तास दार उघडलं नाही. तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला. दोन तासांनी दार उघडून टॉर्च मारला. कप्प्याच्या तळाला, दोन्ही बाजूंना, वरच्या पत्र्याला, सगळीकडे पातळ, एकसारखा पांढरा पापुद्रा. काचेवर श्वास सोडल्यावर येतो तसा. "हे पाहा," ते म्हणाले, "जिथं जिथं नळी हाय तिथं तिथं पांढरं. म्हंजे गॅस शेवटलोक पोचून राह्यला." करंट पुन्हा मोजला: १.०.

म्हणजे निकाल लागला असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यातला थर्मामीटर ९ अंश दाखवत होता. १५ वरून ९ म्हणजे खूप, पण इन्सुलिनला पुरेसं नाही. फ्रीज अजूनही थांबत नव्हता. मिस्तरी जाताना म्हणाले होते की उद्या आकडा कळवा आणि कप्प्याच्या तोंडाशी बर्फ कसा दिसतो तेही सांगा. मी पाहिलं. रात्रीतून कप्प्याच्या पुढच्या कडेला, बिजागरीच्या बाजूला, बोटभर जाडीचा भुसभुशीत बर्फ आला होता. आतल्या बाजूला मात्र अजून पातळच. शिवाय भाजीच्या ट्रेच्या काचेवर खालून थेंब.

फोनवर ते लगेच म्हणाले, दाराचं रबर. बाहेरची दमट हवा त्या फटीतून आत येते आणि आत शिरता शिरता जी पहिली थंड जागा भेटेल तिथेच तिचं पाणी गोठतं. म्हणून रबराच्या दोषात बर्फ एका बाजूला, तोंडाशी जाड होतो. मला प्रश्न पडला की मे महिन्यात आमच्याकडे हवा इतकी कोरडी की अंगावरचा घाम दिसत नाही, मग दमट हवा आली कुठून? उत्तर त्याच खोलीत फिरत होतं: कूलर. वाळ्याच्या पडद्यातून तो दिवसभर ओली हवा त्याच माजघरात सोडतो. कूलर नसलेल्या घरात उन्हाळ्यात रबर सैल असलं तर बर्फ चुगली करणार नाही, फक्त फ्रीज जास्त चालेल. पावसाळ्यात मात्र कोणाच्याही घरात करेल.

रबर तपासायला मेकॅनिक लागत नाही. दहाची नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर धरायची, दार लावायचं आणि ओढायची. घट्ट ओढावी लागली तर रबर ठीक. चारही बाजूंनी, दर वीतभर अंतरावर. आमच्याकडे वरच्या बाजूला नोट अडली, मुठीच्या बाजूला अडली, बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात आपसूक घसरून हातात आली. रात्री खोलीत अंधार करून चालू टॉर्च फ्रीजमध्ये ठेवला आणि दार लावलं. खालच्या कोपऱ्यातून सुपारीएवढा उजेड जमिनीवर पडला. चार महिने त्या बाजूला कापसाचे बोजे टेकलेले होते. दाबून दाबून रबराची घडी तिथे कायमची चपटी झाली होती.

मिस्तरींनी सांगितल्याप्रमाणे आधी रबराच्या घड्या पुसल्या. त्यात पिठाचे कण आणि सांडलेल्या दुधाच्या खपल्या होत्या, त्याही रबराला टेकू देत नाहीत. मग उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं चपट्या जागेवर धरलं, रबर मऊ झालं की बोटांनी घडी बाहेर ओढली, पुन्हा फडकं, पुन्हा ओढणं. पाच-सहा वेळा. नंतर त्या कोपऱ्यात आतून कागदाची सुरळी देऊन रात्रभर ठेवलं, आकार धरावा म्हणून, तेवढी रात्र फ्रीज बंद. सकाळी बिजागरीच्या बाजूला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात, म्हणजे दार लावताना रबर तिथे मुडपत नाही. नोट अडली. रबर कडक होऊन तडकलं असतं किंवा आतल्या लोहचुंबकाची पट्टी तुटली असती, तर हे करून उपयोग नव्हता, नवीनच बसवावं लागलं असतं.

त्यानंतरच्या सकाळी आकडा ५. आणि पहाटे चारच्या सुमारास तो टक् आवाज आला. मी जागीच होते. पुढे साधारण दहा मिनिटं घर शांत होतं.

दुपारी मात्र तो अजूनही थांबत नव्हता आणि मला पुन्हा काळजी वाटली. मिस्तरींनी दाराच्या आतल्या प्लेटवरचं एक अक्षर वाचायला सांगितलं. तिथे हवामानाचा वर्ग दिलेला असतो. आमच्यावर इंग्रजी 'टी' होतं, म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला. 'एसटी' असेल तर ३८ पर्यंत, नुसता 'एन' असेल तर ३२ पर्यंतच. आमच्या माजघरात दुपारी दोनला, कूलर बंद असताना, ४३ सहज होतं. तेव्हा विदर्भात मे महिन्याच्या दुपारी फ्रीज सतत चालणं हा आजार धरायचा नाही. आतला आकडा पाहायचा, आणि पहाटे थांबतो का ते पाहायचं. दोन्ही ठीक असतील तर हात लावायचा नाही.

हे सगळं इथेच संपलं असतं, पण त्याच आठवड्यात आमच्या काकूंच्या घरी हीच तक्रार निघाली, शब्दाशब्दाला तीच: दिवसरात्र चालतो, पाणी थंड होत नाही. काकू म्हणाल्या, तुझ्यासारखंच असणार, मी पण जाळी पुसते. पण त्यांच्या फ्रीजला जाळीच नाही. चार वर्षांचा नवा फ्रीज, मागे सपाट पत्रा. नव्या फ्रीजमध्ये ती नळी बाजूच्या पत्र्यांच्या आतून फिरवलेली असते, म्हणून चांगल्या चालणाऱ्या फ्रीजच्या दोन्ही कुशी गरम लागतात. तिथे पुसायला काही नसतं, फक्त दोन्ही बाजूंना हवा लागते.

मिस्तरी माझा फ्रीज पुन्हा पाहायला आले होते, त्यांना तसंच काकूंकडे नेलं. त्यांनी दोन्ही कुशींना तळहात लावला. मीही लावला. एक कुस किंचित कोमट, दुसरी थंडच. कॉम्प्रेसर मात्र तितकाच गरम, जितका माझा होता. बर्फाच्या कप्प्यात मागच्या एका कोपऱ्यात, जिथे ती केसासारखी नळी आत उघडते तिथे, मुठीएवढा कडक बर्फाचा गोळा. बाकी सगळा कप्पा ओला आणि कोरा. बर्फ काढून पुन्हा चालवला तर दोन तासांनी परत तोच कोपरा पांढरा, बाकी काही नाही. थोडासा गॅस आत शिरल्याबरोबर तिथेच उकळून संपत होता, पुढच्या नळ्यांपर्यंत काही पोचतच नव्हतं. करंट: प्लेटवर ०.८, मीटरवर ०.५.

"हा गॅसचा," ते म्हणाले. पण लगेच जोडलं, "किंवा चोकअप." बारीक नळी किंवा तिच्या आधीचा फिल्टर अर्धा तुंबला तरी बर्फ असाच कोपऱ्यात जमतो आणि करंट असाच उतरतो. त्यांनी फिल्टरच्या दोन्ही टोकांना बोटं लावली. फिल्टर तुंबला असेल तर त्याच्या पुढचं टोक मागच्यापेक्षा स्पष्ट थंड लागतं, कधी घामही येतो. इथे दोन्ही टोकं सारखी. मग टॉर्च घेऊन कॉम्प्रेसरजवळचे सगळे जोड पाहिले. एका जोडाखाली रुपयाएवढा काळपट डाग, त्यावर धूळ चिकटलेली. बोट फिरवलं तर तेलकट. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही नळ्यांतून फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस झिरपतो तिथे तेल दिसतं. डोळ्याला दिसणारा गळतीचा पुरावा म्हणजे हा डाग.

काकूंच्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र होतं, म्हणजे आर-६००ए. हा पेट घेणारा गॅस आहे. आमच्या जुन्यात आर-१३४ए होता, तो तसा नाही. मिस्तरींनी आधी काकूंची चूल विझवायला लावली, दारं-खिडक्या उघडली, आणि फ्रीज चौघांनी उचलून अंगणात कडुनिंबाखाली नेला. तिथे नळीला पिन लावून उरलासुरला गॅस लांब पाईपने मोकळ्यावर सोडला. तो पूर्ण गेल्याशिवाय त्यांनी जोडकामाचा जाळ पेटवला नाही. मग सिलिंडरमधून नायट्रोजन भरला, जोडावर साबणाचा फेस लावला. बुडबुडे सावकाश, एकामागून एक, तेलाच्या डागाच्या अगदी वरून यायला लागले. फ्रीज चालू ठेवून फेस का नाही लावला, असं मी विचारलं. या गॅसमध्ये कप्प्याकडून परत येणाऱ्या नळीतला दाब चालू असताना बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. तिथे भोक असलं तर बुडबुडा येण्याऐवजी उलट हवाच आत ओढली जाते.

आणि म्हणूनच नुसता गॅस वरून भरून देणं इतकं वाईट. आत गेलेली हवा आणि तिच्यातलं पाणी तिथेच राहतं, पाण्याचा कण त्या केसासारख्या नळीच्या तोंडाशी गोठतो, भोक तर आहेच. दोन-तीन महिन्यांत फ्रीज परत तिथेच, आणि पैसे दुसऱ्यांदा.

जोड नव्याने केला, फिल्टर बदलला, पुन्हा नायट्रोजन, पुन्हा फेस, बुडबुडे नाहीत. मग व्हॅक्यूम पंप लावला आणि पाऊण तास चालू ठेवला, म्हणजे आतली हवा आणि ओल दोन्ही निघून जावं. पंप बंद केल्यावर लगेच गॅस भरला नाही, दहा मिनिटं मीटरच्या काट्याकडे पाहत बसले. काटा जागचा हलला नाही. गॅस वजनकाट्यावर भरला. प्लेटवर ४२ ग्रॅम होतं. एवढा मोठा फ्रीज आणि आत चिमूटभर गॅस, म्हणून ५-१० ग्रॅमचा फरकसुद्धा कळतो. जास्त झाला तर परत येणारी नळी मागे कॉम्प्रेसरपर्यंत घामेजते किंवा पांढरी होते, आणि फ्रीज पुन्हा थांबत नाही. बिनकाट्याने, अंदाजाने भरणाऱ्याकडून भरू नका, असं काकूंना त्यांनी दोनदा सांगितलं. सगळे मिळून २,२०० घेतले. माझ्याकडून ३००, तेही मी जास्त द्यायला गेले तर परत केले.

माझ्या नणंदेने हे ऐकून तिच्या दोन दारांच्या फ्रीजमध्ये बर्फ कसा जमतो ते पाहायचं ठरवलं. तिथे हा उपाय चालत नाही, हेही मिस्तरींनी सांगितलं आहे. ज्या फ्रीजमध्ये बर्फ साचतच नाही, त्यात थंड नळ्या मागच्या प्लास्टिकच्या पडद्याआड असतात आणि पंखा ती हवा फिरवतो. पडदा उघडल्याशिवाय पांढरं कुठवर आलंय ते दिसत नाही, आणि तिथे पंखा किंवा बर्फ वितळवणारी तार बिघडली तरी तक्रार हीच असते. दाराला नोट लावून पाहणं तेवढं तिच्या हातात आहे.

सिस्टरबाईंकडून इन्सुलिन मी सातव्या दिवशी परत आणलं. पेल्यातला थर्मामीटर अजून मधल्या कप्प्यात आहे. आज सकाळी ५, दुपारी तीनला ७. नोव्हेंबरात वेचणी सुरू होईल आणि कापूस पुन्हा माजघरातच येईल, त्याला दुसरी जागा नाही. हे म्हणाले, फ्रीज स्वयंपाकघराच्या दाराशी आणू, तिथे बोजे लागत नाहीत. सासूबाईंना तिथे रात्री पाण्याला उठताना अंधारात अडखळायला होईल म्हणून तिथे बल्ब लावून घेतला आहे.